आणीबाणीचा दिवा घेताना

वळिवाच्या वादळात तारा तुटल्या की तालुक्याच्या गावी वीज पाच-सहा तास येत नाही, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. अशा वेळी दुकानाच्या गल्ल्यावर आणि घरच्या ओट्यावर उपयोगी पडणारा चार्जिंगचा दिवा निवडताना बहुतेक जण खोक्यावरील तासांचा आकडा पाहतात. तो आकडा पुष्कळदा दिव्याच्या मंद प्रकाशाचा असतो. पूर्ण प्रकाशात तोच दिवा निम्म्याहूनही कमी वेळ चालू शकतो. म्हणून जमाखर्च आपणच मांडलेला बरा.

हा हिशेब सोपा आहे. बॅटरीचे व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार म्हणजे तिच्यातील शिल्लक, आणि दिव्याचे वॅट म्हणजे दर तासाचा खर्च. खोक्यावर मिलीअँपिअर-तास लिहिलेले असतील, तर त्यांना हजाराने भागावे. समजा, गल्ल्यावर दोन वॅटचा एलईडी दिवा सहा तास हवा आहे. खर्च झाला बारा वॅट-तास. दिव्यातील सर्किटमध्ये काही ऊर्जा वाया जाते, म्हणून गरज पंधरा धरावी.

लिथियम-आयन बॅटरीचा एक सेल साधारण 3.7 व्होल्टचा असतो. 4000 मिलीअँपिअर-तासांचा सेल जवळपास पंधरा वॅट-तास देतो, म्हणजे नवा असताना नेमका पुरतो. परंतु वापराने त्याची क्षमता घटत जाते. एक-पंचमांश घट गृहीत धरली, तर 5000 चा सेल घेणे शहाणपणाचे ठरते.

जुन्या पद्धतीच्या जड दिव्यांत शिसे-आम्लाची सीलबंद बॅटरी असते. 4 व्होल्ट, 4.5 अँपिअर-तासांच्या अशा बॅटरीत कागदोपत्री अठरा वॅट-तास असतात. परंतु ती वारंवार पूर्ण रिकामी केली तर लवकर निकामी होते. तिची निम्मी शिल्लकच वापरायची म्हटले आणि वाया जाणारी ऊर्जा वजा केली, तर आपला दोन वॅटचा दिवा जेमतेम साडेतीन तास चालतो. सहा तासांची गरज यातून भागत नाही.

या बॅटरीचा दुसरा दोष अधिक महाग पडतो. ती रिकाम्या स्थितीत राहिली की आतील पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण थर जमतात आणि पुढे ती चार्ज धरेनाशी होते. पावसाळा संपल्यावर कपाटात ठेवलेला दिवा पुढच्या जूनमध्ये दहा मिनिटांत विझतो, त्यामागे बहुधा हेच कारण असते. असा दिवा घरात असेल तर दर दोन महिन्यांनी पूर्ण चार्ज करावा. लिथियमचा दिवा पडून राहिला तरी चार्ज सावकाश गमावतो. तो साधारण अर्धा भरून, उन्हापासून आणि शेगडीपासून दूर ठेवावा. त्याचे कवच फुगलेले दिसले तर वापर व चार्जिंग तत्काळ थांबवावे. लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकाराचा सेल 3.2 व्होल्टचा असतो. तो उष्णता अधिक सोसतो व अधिक वर्षे टिकतो. मिळाल्यास त्याला प्राधान्य द्यावे.

चार्ज होण्यास लागणारा वेळही विचारावा. 5000 चा सेल 500 मिलीअँपिअरच्या चार्जरवर भरण्यास दहा तासांहून अधिक लागतात. मध्येच दोनच तास वीज आली आणि पुन्हा गेली, तर एक-पंचमांशही भरणा होत नाही. असे वारंवार घडणाऱ्या गावी एका मोठ्या दिव्यापेक्षा दोन मध्यम दिवे आळीपाळीने वापरणे सोयीचे. गोदामात वा अंगणात जाण्यासाठी लहान टॉर्च वेगळा ठेवावा, म्हणजे गल्ल्यावरचा दिवा कोणी उचलून नेणार नाही.

फिलिप्स, एव्हरेडी, बजाज, विप्रो ही नावे बाजारात परिचित आहेत. मात्र एकाच कंपनीच्या निरनिराळ्या दिव्यांत निरनिराळ्या बॅटऱ्या असू शकतात. म्हणून नावाबरोबर बॅटरीचा प्रकार, व्होल्ट व क्षमता वाचावी. हे तपशील खोक्यावर नसतील तर तो दिवा घेऊ नये. बॅटरी बदलून मिळते का आणि दुरुस्तीची सोय आपल्या गावी आहे का, हेही विचारून घ्यावे.

खरेदीनंतर पहिल्याच आठवड्यात दिवा पूर्ण चार्ज करून पूर्ण प्रकाशावर लावावा आणि वेळ लिहून ठेवावी. प्रकाश इतका मंद झाला की पावतीवरील आकडे वाचता येत नाहीत, तेथे मोजणी थांबवावी. दिवा विझेपर्यंतचा वेळ धरू नये. मिळालेला वेळ हिशेबापेक्षा बराच कमी असेल, तर बदलून घेण्याची मुदत संपण्याआधी पावतीसह दुकानदाराकडे जावे. हीच चाचणी दरवर्षी मे महिन्यात केली म्हणजे पावसाळ्यात किती तास हाती आहेत, हे आधीच कळते.