‘ॲज डिस्कस्ड’ : नक्की काय ठरलं होतं?

ऑक्टोबरचा महिना, लडाखमधली पोस्टिंग. चार्ज घेऊन मला चारच दिवस झाले होते. मोबाईलवर मेसेज आला, ‘ॲज डिस्कस्ड, गुरुवारची गाडी कन्फर्म करा.’ डिस्कशन झालं होतं ते माझ्या आधीच्या साहेबांशी, तेही फोनवर. ते रजेवर निघून गेले होते आणि चार्जच्या कागदांत त्याची एक ओळही नव्हती. मला वाटलं, गाडी म्हणजे नेहमीची रेशनची. ‘ओके सर’ लिहून मोकळा झालो. चूक माझीही होतीच.

गुरुवारी गाडी रेशन भरून निघाली. संध्याकाळी दुसरा मेसेज आला, ‘एनी अपडेट?’ कशाचं अपडेट? फोन केला तेव्हा कळलं की त्या गाडीतून रॉकेलचे चाळीस जेरीकॅन वर जायचे होते. पुढची गाडी पाच दिवसांनी. तोवर वरच्या पोस्टवरच्या पोरांनी बुखारी रात्री दोनच तास पेटवली. आणि साहेब मला म्हणाले, ‘पण मी सांगितलं होतं ना!’

माझा राग या वाक्यावर आहे. ‘ॲज डिस्कस्ड’ लिहिणारा स्वतःच्या डोक्यातलं ओझं समोरच्याच्या डोक्यावर ठेवतो, आणि काम बिघडलं की पुरावा म्हणून तोच मेसेज दाखवतो. त्यात पुरावा फक्त एवढाच असतो, की कोणीतरी कोणाशी तरी काहीतरी बोललं होतं.

काही जण म्हणतात, फौजेत सगळं उघड लिहिता येत नाही. बरोबर आहे, आणि मोबाईलवर तर लिहूच नये. पण त्यावरचा उपाय आपल्या सिग्नलवाल्यांकडे कधीपासूनच आहे. प्रत्येक सिग्नलला पाठवणाऱ्याचा नंबर असतो आणि तारीख-वेळेचे सहा आकडे असतात. 121430 म्हणजे बारा तारीख, दुपारचे अडीच. ‘आपला 121430 चा सिग्नल, पॅरा तीन’ एवढं लिहिलं की मजकूर गुप्त राहतो, पण नवा माणूसही फाईल उघडून नेमकं तेच पान काढू शकतो. गुप्तता आणि मोघमपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बोलणं फोनवर झालं असेल, तर फोन ठेवल्याबरोबर लॉगमध्ये दोन ओळी लिहाव्यात : कोण कोणाशी, किती वाजता बोललं, काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. आणि ‘एनी अपडेट?’ विचारायचंच असेल, तर कशाचं आणि शेवटची खबर कोणत्या तारखेची, तेही लिहावं.

मी आता असल्या मेसेजला ‘ओके सर’ लिहीत नाही. एकच उत्तर देतो : ‘सर, कोणाशी आणि कधी?’ काही साहेबांना ते उद्धट वाटतं. वाटू दे. बुखारी त्यांच्या खोलीतली विझली नव्हती.