सरफराजला का घेतलं नाही? आधी नोंदी बघू

ऑक्टोबर 2025 मध्ये दक्षिण आफ्रिका ‘अ’ विरुद्धच्या सामन्यांसाठी भारत ‘अ’ संघ जाहीर झाला आणि त्यात सरफराज खानचं नाव नव्हतं. काँग्रेसच्या प्रवक्त्या शमा मोहम्मद यांनी जाहीरपणे विचारलं, आडनावामुळे वगळलं का? असदुद्दीन ओवैसींनीही तो संघात का नाही, असा सवाल केला. परतूरच्या आमच्या मित्रांच्या ग्रुपवर त्या रात्री दोन तट पडले. एक म्हणत होता, हे उघड आहे. दुसरा म्हणत होता, क्रिकेटमध्ये धर्म आणू नका. नोंदी मात्र कुणीच उघडल्या नाहीत. बातमी आली की आधी तहकीक करा, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. तर ती करू.

सुरुवात धावांपासून. 2019-20 च्या रणजी मोसमात सरफराजने मुंबईसाठी 6 सामन्यांत 928 धावा केल्या. कोविडमुळे पुढची रणजी झाली नाही. 2021-22 मध्ये पुन्हा 6 सामने, 982 धावा. म्हणजे 12 सामन्यांत 1,910 धावा, आणि दोन्ही मोसमांत सरासरी शंभराच्या वर. अशा सलग कामगिरीनंतर कसोटी संघाचं दार उघडायला हवं, असं म्हणणारा माणूस भावनेच्या भरात बोलत नाही.

दार उघडलं नाही. सरफराजने नंतर मुलाखतीत सांगितलं, की 2022 च्या रणजी अंतिम सामन्यात शतक केल्यावर निवड समितीकडून त्याला बांगलादेश दौऱ्यासाठी तयार राहायला सांगितलं होतं. डिसेंबरमध्ये तो दौरा झाला, त्यात तो नव्हता. जानेवारी 2023 मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्या दोन कसोटींसाठी सूर्यकुमार यादवची निवड झाली. त्या दिवशी आपण रडलो, गुवाहाटीहून दिल्लीला जाताना झोप लागली नाही, असंही तो म्हणाला.

मग कारणं यायला लागली, आणि खरी गडबड इथेच आहे. जून 2023 मध्ये वेस्ट इंडीज दौऱ्यातून त्याला वगळल्यावर बोर्डाच्या एका अधिकाऱ्याने नाव न देता वृत्तसंस्थेला सांगितलं, की त्याचा फिटनेस आणि मैदानातलं-मैदानाबाहेरचं वागणं आड येतंय. कोण बोललं, कळलं नाही. वागण्यात नेमकं काय खटकलं, तेही अधिकृतपणे कुणी मांडलं नाही. जाडीबद्दलच्या या चर्चेवर सुनील गावसकर आधीच चिडून बोलले होते, की सडपातळ पोरंच हवी असतील तर फॅशन शोमधून मॉडेल आणा.

फेब्रुवारी 2024 मध्ये राजकोटला, कोहली रजेवर आणि राहुल जखमी असताना, त्याला पहिली कसोटी मिळाली. त्याने 62 आणि नाबाद 68 केल्या. ऑक्टोबरमध्ये न्यूझीलंडविरुद्ध बंगळूरला 0 आणि 150. त्यानंतर पुणे आणि मुंबईत 11, 9, 0 आणि 1. ऑस्ट्रेलियाला नेलं, पण एकही कसोटी दिली नाही. मे 2025 मध्ये इंग्लंड दौऱ्यातून नाव गेलं. त्या वेळी निवड समितीचे अध्यक्ष अजित आगरकर यांनी नावानिशी कारण दिलं. त्यांचं म्हणणं असं: सरफराजने पहिल्या कसोटीत शतक केलं, पण नंतर धावा झाल्या नाहीत. करुण नायरने देशांतर्गत क्रिकेटमध्ये ढिगाने धावा केल्यात, आणि कोहली नसताना त्याचा अनुभव उपयोगी पडेल.

हे विधान नोंदींशी ताडून बघता येतं. 150 नंतरच्या चार डावांत फक्त 21 धावा, ही गोष्ट खरी आहे. नायरने त्या रणजी मोसमात विदर्भासाठी 863 धावा केल्या होत्या, तेही खरं. पण न्यूझीलंडच्या त्याच मालिकेत सरफराजच्या एकूण धावा 171 होत्या. त्याच्यापेक्षा जास्त धावा आपल्याकडून फक्त पंत आणि जयस्वालने केल्या. कोहलीच्या 93 आणि रोहितच्या 91 होत्या. त्या दोघांच्या मागे शेकडो डावांची पुण्याई होती, हे मान्य. तरीही त्या मालिकेचा हिशोब सगळ्यात आधी सरफराजकडून वसूल झाला, हे आकड्यांत दिसतं.

आता आडनावाचा प्रश्न. तो तपासायचा तर अशीच गोष्ट वेगळ्या आडनावाच्या खेळाडूबाबत घडली का, हे बघावं लागेल. घडली आहे, आणि ती याच नायरबाबत. डिसेंबर 2016 मध्ये त्याने चेन्नईला इंग्लंडविरुद्ध नाबाद 303 केल्या. पुढच्याच कसोटीत तो बाहेर. मग ऑस्ट्रेलियाविरुद्ध चार डाव मिळाले: 26, 0, 23, 5. त्यानंतर थेट आठ वर्षांनी कसोटी. मोठी खेळी, चार अपयशी डाव आणि शांतता, हाच नमुना. मुंबईच्या अमोल मुजुमदारने प्रथम श्रेणीत 11,000 हून जास्त धावा केल्या, त्याला एकही कसोटी मिळाली नाही. आपल्या जालन्याचा विजय झोल 2014 च्या 19 वर्षांखालील विश्वचषकात कर्णधार होता आणि सरफराज त्याच्या संघात होता. विजय भारताच्या मुख्य संघापर्यंत पोचला नाही.

म्हणून या एका प्रकरणावरून आडनावाचा आरोप सिद्ध होत नाही, असं मला वाटतं. पण ‘त्याच संघात खलील आणि सिराज आहेत, मग विषय संपला’ हे उत्तरही तितकंच लंगडं आहे. दोन गोलंदाजांची निवड एका फलंदाजाच्या वगळण्याचं कारण सांगत नाही.

जे सिद्ध होतं ते असं, की कारण दर वेळी बदललं. आधी वजन आणि वागणं, मग अनुभव. ‘अ’ संघानंतर एका माजी निवडकर्त्याने, पुन्हा नाव न देता, सांगितलं की पाच-सहा नंबरवर गर्दी आहे, त्याने मुंबईकडून तीन नंबरवर खेळावं. शार्दुल ठाकूर मात्र म्हणाला, की त्याला ‘अ’ संघाची गरजच नाही, धावा केल्या की तो थेट कसोटी खेळू शकतो. ऑगस्टमध्ये बुची बाबू स्पर्धेत दोन शतकं केल्यावर सरफराजला दुखापत झाली होती. ते कारण असतं तर समजण्यासारखं होतं, पण तो तर ‘अ’ संघ जाहीर होण्याआधीच रणजी खेळायला उतरला होता.

यात सरफराजचं स्वतःचं वागणं मला महत्त्वाचं वाटतं. वजनाचं कारण पुढे आलं, तेव्हा त्याने 2025 मध्ये दोन महिन्यांत 17 किलो कमी करून दाखवले. सांगितलेल्या कारणाला खेळाडू असं उत्तर देऊ शकतो. न सांगितलेल्या कारणाला कुणीच देऊ शकत नाही, आणि त्या रिकाम्या जागेत आडनावाचा संशय येऊन बसतो. तो संशय घेणाऱ्या पोरांना झापून जाणार नाही. ‘अ’ संघाच्या यादीसोबतही समितीने नावानिशी चार ओळींचं कारण दिलं, की निम्मा वाद तिथेच मिटेल, आणि उरलेला निम्मा तपासता तरी येईल. आपली मागणी ती असावी.