घराच्या सात जागा आणि एक भाषण

सभेत बोलताना माणूस अडखळतो, तेव्हा त्याला विषय ठाऊक नसतो असे क्वचितच घडते. बहुधा पुढचा मुद्दा कोणता, एवढेच त्याला त्या क्षणी सापडत नाही. माहिती मनात असते, क्रम मात्र सुटलेला असतो. या अडचणीवर प्राचीन ग्रीक व रोमन वक्त्यांनी जो उपाय योजला, त्यास ‘स्मृतिमहाल’ म्हणतात. ओळखीच्या वास्तूतील काही जागा ठराविक क्रमाने मनात धरावयाच्या, प्रत्येक जागी एका मुद्द्याचे चित्र ठेवावयाचे आणि बोलताना त्या वास्तूतून मनाने चालत जावयाचे, असे या पद्धतीचे स्वरूप आहे.

रोमन वक्ता सिसेरो याने इ.स.पू. ५५ च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात या पद्धतीच्या उगमाची कथा दिली आहे. सिमोनिदेस नावाचा ग्रीक कवी एका मेजवानीतून क्षणभर बाहेर आला आणि मागे दालनाचे छप्पर कोसळले. मृतांची ओळख पटेना. परंतु कोण कोठे बसला होता हे सिमोनिदेसला आठवत होते आणि त्या जागांवरून त्याने प्रत्येकाची ओळख पटवली. जागेचा क्रम पक्का असेल तर तेथे ठेवलेली गोष्ट मागोमाग आठवते, हे सूत्र त्यातून निघाले. सिसेरोच्या आधी काही वर्षे लिहिलेल्या एका लॅटिन ग्रंथात, ज्याचा कर्ता अज्ञात आहे, जागा निवडण्याचे नियमही सापडतात. जागा एकमेकींसारख्या नसाव्यात, फार अंधाऱ्या वा फार झगझगीत नसाव्यात, त्यांत मध्यम अंतर असावे आणि दर पाचव्या जागेवर एखादी खूण असावी.

हे नियम प्रत्यक्षात कसे वापरावयाचे, ते एका उदाहरणावरून पाहता येईल. समजा, एका गृहस्थांना व्यापारी संघटनेच्या सभेत ‘धनादेश न वटल्यास काय करावे’ या विषयावर, हाती कागद न घेता, दहा मिनिटे बोलावयाचे आहे. आधार आहे १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याचे कलम १३८. त्यांनी प्रथम भाषण लिहून काढले आणि त्याचे सात मुद्दे केले. नंतर स्वतःच्या घरातून एक फेरी मारून सात जागा ठरवल्या: मुख्य दार, चपलांचे कपाट, झोपाळा, जेवणाचे टेबल, पाण्याचा माठ, तिजोरी आणि गच्ची. चित्रे ठेवण्यापूर्वी त्यांनी ही रिकामी वाट सुलट व उलट अशी दोन्ही बाजूंनी म्हणून पाहिली. हे महत्त्वाचे आहे. कारण वाटच डळमळीत असेल तर चित्रे कितीही उत्तम असली तरी निसटतात.

पहिला मुद्दा असा की, धनादेश कायदेशीर देण्यापोटी दिलेला असावा. भेट म्हणून दिलेल्या धनादेशास हे कलम लागत नाही. म्हणून दारात एक ऋणको भलामोठा खातेवह्यांचा गठ्ठा घेऊन अडकला आहे आणि त्याच्या मागे रंगीत कागदात बांधलेली भेटवस्तू घेतलेल्या माणसास आत येऊ दिले जात नाही.

दुसऱ्या जागी पारिभाषिक शब्द आहेत. ‘ड्रॉवर’ म्हणजे धनादेश लिहिणारा, ‘ड्रॉई’ म्हणजे ज्या बँकेवर तो काढला ती बँक आणि ‘पेयी’ म्हणजे ज्याला पैसे मिळावयाचे तो. अशा शब्दांसाठी चित्रात दोन गोष्टी लागतात: शब्दाचा ध्वनी आणि त्याचा अर्थ. चपलांच्या कपाटाचा खण उघडला की आत धनादेशावर सही करणारा माणूस बसला आहे. खण म्हणजे ड्रॉवर. कपाटाच्या दारावर बँकेच्या इमारतीचे ड्रॉइंग चिकटवले आहे. वर पैशांची थैली मांडीवर घेऊन एकजण सरबताचे पेय पीत आहे. केवळ ध्वनीचे चित्र ठेवले असते, तर शब्द आठवला असता पण कोण कोणता हे समजले नसते.

पुढच्या चार जागी मुदती आहेत, आणि आकड्यांना चित्र देणे हे सर्वांत नाजूक काम होय. धनादेश तीन महिन्यांत बँकेत सादर करावा लागतो. म्हणून झोपाळ्यावर तीन पायांची तिवई झोके घेत आहे. धनादेश परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यावी लागते. म्हणून टेबलावरील ताटात पापडाऐवजी बँकेचा रिटर्न मेमो आहे आणि पोस्टमन पाकिटावर तिकिटांऐवजी दहाच्या तीन नोटा चिकटवीत आहे. नोटीस मिळाल्यावर रक्कम भरण्यास पंधरा दिवस असतात. म्हणून माठात पौर्णिमेचा चंद्र तरंगतो आहे. रक्कम न आल्यास ती मुदत संपल्यापासून एक महिन्यात न्यायालयात तक्रार करावी लागते. म्हणून तिजोरीत काळा कोट घातलेले वकील कॅलेंडरचे एकच पान पांघरून बसले आहेत. शेवटी, शिक्षा दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा धनादेशाच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गच्चीवर दोन गजांची कोठडी आहे आणि तिच्या दाराला एकासारखे एक असे दोन धनादेश टांगलेले आहेत.

या गृहस्थांनी प्रथम तीस दिवसांसाठीही कॅलेंडरचेच पान योजले होते. तालमीत टेबलावरचा मुद्दा तिजोरीत जाऊ लागला आणि नोटिसीची मुदत तक्रारीला जोडली गेली. दोन चित्रे सारखी झाली की असे होते. उपाय सोपा होता: एक चित्र बदलावे; म्हणून दहाच्या तीन नोटा आल्या. जागा रिकामी वाटत असेल, तर दोष वेगळा असतो. चित्र निश्चल, लहान किंवा नेहमीचे आहे. टेबलावर नुसता मेमो ठेवला तर तो दिसत नाही, ताटात पापड म्हणून वाढला की दिसतो. त्या लॅटिन ग्रंथातही हास्यास्पद, रंगलेली, काहीतरी करीत असलेली चित्रे घ्यावीत असेच सांगितले आहे.

तयारी झाली की नाही हे पाहण्याची कसोटी सुलट म्हणणे ही नव्हे. दुसऱ्याने मध्येच ‘पाचवा मुद्दा कोणता?’ असे विचारावे आणि माठ व चंद्र तत्काळ दिसावेत. सर्व मुद्दे गच्चीपासून दारापर्यंत उलटही म्हणता यावेत. चित्रे ठेवल्यावर त्याच सायंकाळी, दुसऱ्या दिवशी आणि सभेच्या आदल्या रात्री एकेक फेरी पुरेशी होते.

पद्धतीची मर्यादाही ध्यानात ठेवावी. सिसेरोनंतर सुमारे दीड शतकाने क्विंटिलियन याने आक्षेप घेतला की ‘आणि’, ‘परंतु’ अशा जोडशब्दांना चित्र कोठून आणावे? आक्षेप रास्त आहे. भाषण शब्दशः पाठ करण्यासाठी ही पद्धत अवजड ठरते. ती मुद्दे, क्रम, नावे व आकडे सांभाळते. वाक्ये बोलताना घडावी लागतात, आणि ती घडण्यासाठी विषय आधी समजलेला असावा लागतो. पंधरा दिवस कोणत्या दिवसापासून मोजावयाचे हे ज्याला कळलेले नाही, त्याला माठातला चंद्र काही सांगू शकत नाही.

एक प्रश्न उरतो: पुढील महिन्यात दुसरे भाषण आले तर? प्राचीन लेखक जागांना मेणाच्या पाटीची आणि चित्रांना तीवरील अक्षरांची उपमा देत. अक्षरे पुसली तरी पाटी राहते. परंतु ताजी अक्षरे लगेच पुसत नाहीत. दोन भाषणे जवळजवळ असतील, तर जुन्या वाटेवरील तिवई नव्या विषयात डोकावते. म्हणून दुसऱ्या भाषणासाठी दुकानाची वाट घ्यावी: शटर, गल्ला, काटा, मांडणी, गोदामाचे दार. घरातली चित्रे न वापरता पडून राहिली की आपोआप फिकी होतात, आणि त्या सात जागा पुन्हा मोकळ्या मिळतात.