बैठक चुकली, आता विचारायचं काय?
खोपटमधल्या चाळीसेक वर्षं जुन्या सोसायटीत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर कार्यकारिणीची बैठक झाली आणि नेमके आपण नव्हतो, असं समजा. अधिकृत इतिवृत्त पुढच्या बैठकीत कायम होणार, पण काम पावसाआधी उरकायचंय. म्हणून त्याच रात्री, सगळ्यांच्या आठवणी ताज्या असताना, सहकाऱ्याला विचारावं. मात्र ‘काय झालं हो?’ असं मोघम विचारलं की ‘काही विशेष नाही, गच्चीचं ठरलं’ एवढंच कानावर येतं. त्यापेक्षा विषयपत्रिका समोर ठेवून लिहावं: ‘दादा, तीन कोटेशनपैकी कुठलं मंजूर झालं? गॅरंटी किती वर्षांची? ॲडव्हान्स किती ठरला? माझ्यावर काही सोपवलंय का, कधीपर्यंत? वहीतल्या पानाचा फोटो पाठवाल का?’ माझ्या मते आणखी एक प्रश्न हमखास विचारावा: कुठलं कोटेशन नाकारलं आणि का? निर्णय वहीत उतरतो, कारण बऱ्याचदा उतरत नाही. सगळ्यात स्वस्त कंत्राटदार जुना थर न काढता वरूनच लेप देणार होता, म्हणून तो वगळला, हे ठाऊक नसेल तर पुढच्या वेळी आपणच ‘स्वस्तातलं का सोडलं?’ म्हणून मिटलेला वाद उकरून काढू. उत्तरात ‘बहुतेक’, ‘बघू म्हणाले’ असं आलं, तर तो मुद्दा ठरलेला नाही असंच धरावं आणि चेक लिहिण्याआधी सचिवांना विचारून घ्यावं.