४३ स्लाइडांची झेरॉक्स

रविवारी रात्री मेस आटोपली की आम्ही सहाजण होस्टेलच्या एका खोलीत जमतो. एकजण शिकवतो, बाकीचे पाच शिकतात, असं निदान ठरलेलं आहे. प्रत्यक्षात एकजण भिंतीवर पडलेली स्वतःची वही मोठ्याने वाचतो आणि पाचजण तीच वही त्याच्या आधी मनात वाचून संपवतात. मग मोबाइल निघतात. शेवटी कोणीतरी म्हणतं, "भारी झालं रे, पीपीटी ग्रुपवर टाक." ती ग्रुपवर पडते आणि तिथेच मरते.

ह्या प्रकाराला शिकवणं म्हणायची माझी तयारी नाही. ही झेरॉक्स आहे, फक्त विजेवर चालणारी आणि पाचजणांची झोप खाणारी.

वही ही खासगी वस्तू आहे. लेक्चरला आपण लिहितो तेव्हा जे कळलेलं असतं ते गाळतो आणि जे निसटेल असं वाटतं तेवढं टिपतो. एक बाण, एक आद्याक्षर, समासात "सरांनी दोनदा सांगितलं". त्या बाणामागचं वाक्य आपल्या डोक्यात असतं, किंवा असल्याचा भास असतो. वही जशीच्या तशी स्लाइडवर चढवली की दुसऱ्याला फक्त बाण मिळतो, आणि आपल्या डोक्यात वाक्य नव्हतंच ही गोष्ट सोयीस्करपणे झाकली जाते. पीपीटीवर मुलं इतकी का खूश असतात, त्याचं खरं कारण मला हेच वाटतं.

दुसऱ्या कोणाचं नाव कशाला घेऊ? ते ४३ स्लाइडांचं पाप माझंच आहे. विषय फिजिओलॉजीतला: ऑक्सिजन-हिमोग्लोबिन डिसोसिएशन कर्व्ह. माझ्या वहीत लिहिलं होतं: "सिग्मॉइड. राइट शिफ्ट – कार्बन डायऑक्साइड, आम्लता, तापमान वाढलं की. २,३-बीपीजी कमी झालं की. अफिनिटी कमी. पी-५० वाढतो." ह्यात एक चूक आहे. बीपीजी वाढलं की कर्व्ह उजवीकडे सरकतो, कमी झालं की डावीकडे. ही चूक मी एका सीनियरच्या वहीतून निष्ठेने उतरवली होती. तिथून ती स्लाइडवर गेली, तिथून आणखी पाच वह्यांत, आणि इंटर्नलला आम्ही सहाहीजणांनी तेच एकमुखाने लिहिलं. रक्तपेढीत साठवलेल्या रक्तातलं बीपीजी घटत जातं आणि म्हणून ते रक्त ऑक्सिजन सहज सोडत नाही, एवढं एक उदाहरण त्या ओळीला लावून बघितलं असतं तरी चूक जागेवर सापडली असती. पण उतरवणाऱ्याला तपासायची गरज कुठे असते?

आणि ती तर लहान चूक. खरी फजिती विसाव्या स्लाइडला झाली. आमच्यातली सगळ्यात कमी बोलणारी मुलगी म्हणाली, "राइट शिफ्टला हिमोग्लोबिनची पकड ढिली होते ना? मग फुप्फुसात ऑक्सिजन भरणारही कमीच. फायदा काय झाला?" मी एकविसावी स्लाइड लावली. तिच्यावर पुस्तकातल्या आकृतीचा मोबाइलवर काढलेला तिरका फोटो होता. एकाच चौकटीत तीन कर्व्ह, अक्षरं वाचता येत नव्हती, आणि उत्तर तर नव्हतंच.

तो प्रश्न म्हणजेच सगळा विषय होता. माझी पीपीटी तिथून सुरू व्हायला हवी होती.

ती पुन्हा केली तेव्हा आधी वही मिटली आणि कोऱ्या कागदावर तिचा प्रश्न लिहिला. मग उत्तर आठवणीतून लिहायला बसलो. पेन जिथे अडलं तिथे खूण केली आणि मगच पुस्तक उघडलं. तीन खुणा झाल्या. शिकवण्यासारखं जे होतं ते ह्या तीन खुणांत होतं. बाकीची वही सगळ्यांकडे होतीच.

पुस्तकातला फोटो टाकला नाही. कर्व्ह स्वतः काढला, आणि त्याला ड्रॉइंग यावं लागत नाही. एक्सेलमध्ये पहिल्या रकान्यात ऑक्सिजनचा दाब लिहायचा, ५ पासून १०० पर्यंत, आणि शेजारी हिलचं सूत्र:

```
=A2^2.7/(A2^2.7+27^2.7)
```

२७ हा नेहमीचा पी-५०, म्हणजे हिमोग्लोबिन अर्धं भरतं तो दाब, मिलिमीटर पाऱ्यात. तिसऱ्या रकान्यात २७ च्या जागी ३१ लिहिलं की राइट शिफ्ट तयार. आता आकडे बघा. फुप्फुसात दाब १००: भरणं ९७ टक्क्यांवरून ९६ वर आलं. ऊतींमध्ये दाब ४०: तिथे उरणारा ऑक्सिजन ७४ टक्क्यांवरून ६७ वर उतरला. आधी ऊतींना २३ टक्के मिळत होता, आता २९ मिळतो. वर कर्व्ह सपाट आहे म्हणून तोटा एका टक्क्याचा, खाली तो उभा आहे म्हणून फायदा सात टक्क्यांचा. तिच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. माझ्या ४३ स्लाइडांत "सिग्मॉइड" हा शब्द अकरा वेळा होता, पण तो आकार कशासाठी हे एकदाही नव्हतं.

ह्या सूत्राची मर्यादाही सांगायला हवी, नाहीतर पुन्हा तीच उतरवाउतरवी. अगदी कमी दाबाला, साधारण २० च्या खाली, ते खऱ्या कर्व्हशी नीट जुळत नाही. शिवाय दोन्ही वेळा ऊतींतला दाब ४० च राहतो असं मी धरलंय. व्यायाम करणाऱ्या स्नायूत तो बराच खाली जातो.

स्लाइडच्या माथ्यावर "राइट शिफ्ट" असं नुसतं लेबल लिहायचं सोडून मी पूर्ण वाक्य लिहिलं: "राइट शिफ्टमध्ये भरणं जेमतेम घटतं, सोडणं बरंच वाढतं." खाली फक्त आलेख. मायकेल ॲली नावाचे अमेरिकी प्राध्यापक कित्येक वर्षं हेच सांगत आलेत: माथ्यावर विधान, खाली त्याचा पुरावा. पटत नसेल तर करून बघा. ज्या स्लाइडला वाक्याचं शीर्षक सुचत नाही, तिथे तुम्हाला काय म्हणायचंय ते तुम्हालाच ठाऊक नसतं. माझ्या ४३ पैकी ३६ ह्याच परीक्षेत नापास झाल्या.

राहिल्या सात. चौथ्या स्लाइडवर नुसता पहिला कर्व्ह आहे. दुसरा दाखवण्याआधी मी पाचहीजणांना तो कागदावर काढायला लावला. दोघांनी १०० च्या रेषेवरही तो भलताच खाली नेला, म्हणजे तोच गैरसमज, आता कागदावर, सगळ्यांना दिसेल असा. मी गप्प बसलो. त्यांचं आपसात जे भांडण जुंपलं ते माझ्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा सरस होतं. सहावीवर एकच प्रश्न आहे: एकाचं हिमोग्लोबिन निम्मं, दुसऱ्याचं पूर्ण, पण त्यातलं निम्मं कार्बन मोनॉक्साइडने अडवलेलं, जास्त धोक्यात कोण? दुसरा. कारण त्याचं उरलेलं हिमोग्लोबिन डावीकडे सरकलेलं असतं आणि असलेला ऑक्सिजनही घट्ट धरून बसतं.

पण हे उत्तर त्या रात्री सांगायचं राहिलंच. चौथ्या स्लाइडवर पंचवीस मिनिटं गेली, साडेदहा वाजले, सहावी आणि सातवी उघडल्याच नाहीत. पीपीटी ग्रुपवर टाक असंही कोणी म्हणालं नाही.