मुलाखतीत ‘आम्ही’ नको, ‘मी’ सांगा



सेलू तालुक्यातल्या हिंगणीच्या विहारात गेले काही रविवार आम्ही मुलाखतीचा सराव घेतो आहोत. येणाऱ्यांत कुणी बी.ए. झालेलं, कुणी एम.एस.डब्ल्यू., कुणी आयटीआय. सगळ्यांची अडचण मात्र एकच निघाली. “एखादा प्रसंग सांगा, जेव्हा तुमच्या गटात मतभेद झाले आणि तुम्ही तो सोडवला,” असं विचारलं की वस्तीत दहा वर्षं काम केलेली मुलंही गप्प होतात, नाहीतर पाठ केलेलं भाषण सुरू करतात.

आधी या प्रश्नाबद्दल एक सांगू. 2007 साली सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांशी बोलून एक अभ्यास केला. गुणवत्तेच्या गोष्टी करणारे हे अधिकारी उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ आवर्जून विचारत, आणि त्या उत्तरावरून माणूस जोखत. वडील काय करतात, कुठे राहता, घरात कोण शिकलेलं? या प्रश्नांत आपण कुठे पडतो हे सांगायला नको. त्या तुलनेत ‘तुम्ही काय केलं ते सांगा’ हा प्रश्न आपल्याला बरा आहे. तो सगळ्यांना सारखाच विचारला आणि त्याला ठरलेल्या निकषांवर गुण दिले, तर मुलाखत घेणाऱ्याच्या आवडीनिवडीला जागा कमी उरते. पूर्वग्रह संपतो असं नाही. पण इथे बापाचा हुद्दा नाही, तर आपलं काम मोजलं जातं, आणि काम आपल्याकडे भरपूर आहे.

मग अडतं कुठे? या उत्तराचा सांगाडा तिघांचा आहे: प्रसंग, कृती, परिणाम. इंटरनेटवर तो सगळ्यांनी वाचलेला असतो. तरी उत्तर बिघडतं, आणि आमच्या मते त्याला आपली चळवळीतली भाषाच मोठ्या प्रमाणात जबाबदार आहे.

सरावाला येणारी एक मुलगी घ्या. तिला एका संस्थेत क्षेत्र समन्वयकाच्या पदासाठी मुलाखत द्यायची होती. मतभेदाचा प्रश्न विचारला तेव्हा तिनं सुरुवात केली: “आमच्या गावात दरवर्षी महामानवाची जयंती मोठ्या उत्साहात साजरी करण्यात येते. यंदा डीजेवरून वाद झाला. चर्चा करण्यात आली. सर्वांच्या सहकार्याने मार्ग काढण्यात आला आणि उरलेल्या निधीतून अभ्यासिका सुरू करण्यात आली.” यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण ही वर्तमानपत्राला पाठवायची बातमी झाली. ‘करण्यात आली’, पण केली कुणी? मार्ग ‘काढण्यात आला’, पण कोणता? ऐकणाऱ्याच्या हातातल्या कागदावर ‘उमेदवाराने स्वतः काय केले’ असा रकाना असतो. तो कोराच राहिला.

आपल्याला ‘मी’ म्हणायला संकोच वाटतो. कार्यकर्त्यानं श्रेय घेऊ नये, हे आपल्या अंगात भिनलेलं आहे आणि ते चांगलंच आहे. हा लेखही आम्ही ‘आम्ही’ म्हणूनच लिहितो आहोत. लेखात ते चालतं. मुलाखतीत मात्र प्रसंग सांगताना ‘आम्ही’ आणि कृती सांगताना ‘मी’, असा बदल व्हायलाच हवा. त्यात सहकाऱ्यांचा अपमान नाही. त्यांनी जे केलं ते त्यांच्या नावावर ठेवायचं, आपण केलं ते आपल्या.

तिला आम्ही कागद बाजूला ठेवायला लावला आणि म्हटलं, आता आपल्या वऱ्हाडीत, घरी आईला सांगशील तसं सांग. मग खरी गोष्ट बाहेर आली. “पोरं म्हणे दोन रात्री डीजे पाह्यजेच. मंग मी मागच्या वर्षीची वही काढली. अर्धे पैसे त्याच्यातच गेलते.” पुढे ती वाद घालणाऱ्या तिघांच्या घरी वेगवेगळी गेली. सभेत नाही, घरी. कारण सभेत कुणी माघार घेत नाही. प्रत्येकाला एकच विचारलं: तुला यातली कोणती रात्र सोडवणार नाही? तिघांनीही मिरवणुकीची रात्र सांगितली. म्हणून तिनं समितीपुढे पहिली रात्र रद्द करायचा ठराव मांडला. एका रात्रीचे 12 हजार वाचले. त्यात दोन टेबलं, ट्यूबलाइट आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आली. संध्याकाळी दहा-बारा मुलं तिथे बसतात. तिघांपैकी एक जण मात्र महिनाभर सभेला फिरकला नाही.

हेच तिचं उत्तर. फक्त मापात बसवायचं होतं. पूर्ण उत्तर दीड ते दोन मिनिटांचं असावं. प्रसंगाला दोन-तीन वाक्यं पुरतात. तिथेच आपली मुलं निम्मा वेळ घालवतात, कारण गावाची ओळख सोपी असते. अर्ध्याहून जास्त वेळ कृतीला हवा: वही काढली, घरी गेले, काय विचारलं, का विचारलं. परिणाम दोन वाक्यांत, एक आकडा आणि एक उणीव. तो नाराज मुलगा उत्तरातून गाळू नका. सगळं गोड झालं असं सांगितलं की ऐकणाऱ्याला तिथेच पाठांतराचा वास येतो.

आता पाठ केल्यासारखं वाटू नये यासाठी काय करायचं? वाक्यं लिहायचीच नाहीत. एका चिठ्ठीवर पाचच शब्द: डीजे, वही, तीन घरं, 12 हजार, नाराज मुलगा. त्यावरून तीन वेळा मोठ्यानं सांगायचं, दर वेळी वेगळ्या माणसाला. मनातल्या मनात केलेला सराव उपयोगाचा नाही, जीभ अडते ते मनात कळत नाही. तिन्ही वेळा शब्द वेगळे आणि घटना त्याच आल्या तर ठीक. मुलाखत हिंदीत किंवा इंग्रजीत असेल तर शेवटची फेरी त्या भाषेत, पण साध्या, तुटक वाक्यांत चालेल.

पाठांतर ओळखायची आमची खूण अशी: ऐकणाऱ्यानं मध्येच अडवून विचारायचं, “थांब, त्या वहीत काय होतं?” गोष्ट आठवून सांगणारा वहीबद्दल बोलतो आणि तिथूनच पुढे जातो. पाठ केलेला पुन्हा पहिल्या वाक्यावर जातो. कधीकधी त्याचा आवाजही बदलतो, वक्तृत्व स्पर्धेतला चढतो.

“जयंतीचा प्रसंग सांगितला तर जात कळेल ना?” हे सरावात हमखास विचारलं जातं. भीती खोटी नाही. 2007 सालीच सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांच्या अभ्यासात सारख्या पात्रतेच्या अर्जांवर दलित आडनाव असलं तर बोलावणं कमी येतं, हे दिसलं होतं. ज्याला तो प्रसंग सांगायचा नाही त्यानं दुसरा निवडावा: महाविद्यालयातला, बचत गटातला, दुकानातल्या नोकरीतला. त्याला कुणी भित्रा म्हणू नये. पण निवडलेल्या प्रसंगातलं काहीही लपवायचं नाही, हे पक्कं. जयंतीला ‘एक सांस्कृतिक कार्यक्रम’ म्हटलं की पुढचा प्रत्येक तपशील धूसर करत जावं लागतं. कुठला कार्यक्रम, कसली समिती, असं विचारलं की उमेदवार चाचरतो. आमचं मत विचाराल तर जयंतीच सांगा. पैसे, हिशेब आणि रागावलेली माणसं एकत्र सांभाळायचा इतका अनुभव एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी सहसा दुसरीकडे मिळत नाही.

मागच्या रविवारी आम्ही तिला शेवटचा उपप्रश्न टाकला: तो नाराज मुलगा, त्याचं पुढे काय केलं? ती थांबली. मग म्हणाली, “काहीच नाही केलं. त्याच्या घरी पुन्हा जायला पाह्यजे होतं.” आम्ही तिला सांगितलं, मुलाखतीत विचारलं तर हेच, एवढंच सांग. ती त्या संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन आली.