कर्ण घेतलेत का?

इंटर्न रुजू झाला की पहिल्याच आठवड्यात त्याच्या हाती टेप देऊन एखाद्या जुन्या इमारतीत धाडायचं, हा आपल्या बहुतेक ऑफिसांचा रिवाज आहे. तीन-चार दिवसांनी तो शीट घेऊन येतो. कोपरे काटकोनात, भिंती सगळ्या २३० च्या, मापं एका रांगेत, अक्षर एकसारखं. आपण वरवर नजर फिरवतो, ‘छान’ म्हणतो आणि त्याच शीटवर नवं काम सुरू होतं. इमारत काटकोनात नव्हती हे कळतं ते ग्रॅनाइटचा ओटा भिंतीला टेकत नाही तेव्हा. मग खापर फुटतं मिस्त्रीच्या डोक्यावर.

नागपूरच्या ऑफिसांना रायपूरची कामं नवीन नाहीत, म्हणून उदाहरण तिथलंच घेऊ. तेलीबांधा म्हटलं की आज लोकांना तळ्याकाठचा ‘मरीन ड्राइव्ह’ आठवतो. पण रायपूर-धमतरी नॅरो गेजचं स्थानकही इथं होतं. ती रेल्वे शहरातून हटली आणि तिच्या मार्गावर एक्स्प्रेस वे आला. रस्ते असे बदलले की शेजारच्या जुन्या घरांमध्ये एक मजला चढवणं, पुढचा भाग पाडणं, खाली दुकान काढणं ही कामं ओघानं येतात आणि त्या प्रत्येकाची सुरुवात मोजणीनं होते. खालचं घर मात्र कुणाचंही नाही. ते आम्ही उदाहरणापुरतं बांधलं आहे. आकडे हिशेबानं बसवले आहेत, कुणीही काढून पाहावेत.

घरातली एक खोली. कोपऱ्यांना ओळीनं अ, ब, क, ड म्हणू. भिंतींची मापं मिलिमीटरमध्ये अशी: अब ४२१५, बक ३०४५, कड ४१८२, डअ ३०९५. इंटर्न F8 दाबून ऑर्थो चालू ठेवतो आणि चार रेषा काढतो. चौथी रेषा पहिल्या बिंदूला मिळत नाही. आडवी ३३ नं आणि उभी ५० नं चुकते. इथं जे होतं तेच या संपादकीयाचं कारण आहे. मुलगा प्रामाणिक असतो, पण अंतर उरलेलं शीट साहेबांना कसं दाखवायचं? म्हणून तो समोरासमोरच्या भिंतींची सरासरी काढतो, खोली ४२०० बाय ३०७० करतो आणि चौकोन मिटवतो. शीट स्वच्छ होतं. खोलीचा आकार मात्र त्यात राहिलेला नसतो.

चार बाजू कितीही काळजीनं मोजल्या तरी चौकोन पक्का होत नाही. तो कडेला कलू शकतो. त्याला जखडतो तो कर्ण. आपल्या खोलीत अक हा कर्ण ५२३८ भरतो आणि बड ५१६४. दोघांत ७४ चा फरक. सरासरीच्या आयतात दोन्ही कर्ण ५२०२ येतात, म्हणजे एक ३६ नं कमी आणि दुसरा ३८ नं जास्त. खरी खोली अ कोपऱ्यात ९० नव्हे, साधारण साडेअठ्ठ्याऐंशी अंशांची आहे. अड भिंत आपल्या लांबीत ८० मिलिमीटर आत कलते. तिच्या लांबीभर काटकोनी ओटा बसवायला गेलं तर त्याचं दूरचं टोक भिंतीला टेकेल आणि अ कोपऱ्यात आठ सेंटिमीटरची फट राहील.

काढायची रीत जुनीच आहे, कंपासवर शिकवायचे तीच. ऑर्थो बंद करा. अब ही रेषा घ्या. अ वरून ५२३८ ची आणि ब वरून ३०४५ ची CIRCLE मारा. ती छेदतात तिथं क. मग अ वरून ३०९५ ची आणि क वरून ४१८२ ची, तिथं ड. पाच मापांत खोली पुरी होते. सहावं माप, म्हणजे बड, काढायला लागतच नाही, आणि म्हणूनच ते मोलाचं आहे. DIST नं स्क्रीनवर ब ते ड मोजा आणि वहीतल्या ५१६४ शी ताडून पाहा. १:५० च्या शीटवर १० मिलिमीटर म्हणजे ०.२ मिलिमीटर, एका रेषेची जाडी. तेवढा फरक चालवून घ्यावा. त्यापुढे गेला तर खोलीत परत जावं. सहापैकी चुकलं कोणतं हे तो फरक सांगत नाही, चुकलंय एवढंच सांगतो.

तरी परत मोजल्यावर चूक केवढी निघते त्यावरून कारणाचा अंदाज बांधता येतो. बारा-एक सेंटिमीटरची चूक दिसली की लेसर मीटर बघावा. तो मागच्या कडेपासून मोजतो की पुढच्या, ही सेटिंग कुणीतरी बदललेली असते आणि चूक नेमकी यंत्राच्या लांबीएवढी येते. नेमके ३० निघाले तर ६ आणि ९ ची, ३ आणि ६ ची वाचनातली गल्लत. दोन-तीन मिलिमीटर प्रत्येक मापात एकाच बाजूला जात असतील तर पाच मीटरच्या टेपचा हूक वाकलेला असतो. हा हूक मुळात जरा सैल ठेवलेला असतो, स्वतःच्या जाडीएवढा सरकावा म्हणून. त्याला घट्ट ठोकून ‘दुरुस्त’ करणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. रायपूरच्या उन्हाची भीती मात्र वाजवीपेक्षा जास्त घेतली जाते. ३० मीटरची पोलादी टेप २० अंशांची ४० अंशांवर गेली तर जेमतेम ७ मिलिमीटर वाढते. ऊन खरं आडवं येतं ते लेसरला. बाहेरच्या भिंतीवर त्याचा लाल ठिपका दिसतच नाही. बाहेरची मापं सकाळी लवकर उरकावीत.

‘सर, कर्णात कपाट होतं’ हे उत्तर प्रत्येक ऑफिसनं ऐकलेलं आहे. कपाट हलवायची गरज नाही. कोपऱ्यापासून दोन्ही भिंतींवर १५०० वर खुणा करा आणि त्या दोन खुणांमधलं अंतर घ्या. काटकोन असेल तर ते २१२१ येईल. आपल्या अ कोपऱ्यात ते २०९४ येतं. कोन हाती लागला, काम झालं. फक्त सगळी मापं एकाच उंचीवर घ्यायची, जमिनीपासून साधारण एक मीटरवर. कारण जुनी भिंत ओळंब्यात नसते आणि खालचं माप वरच्याशी जुळत नाही.

खोल्या एकेक करून बसल्या की पुढची परीक्षा संपूर्ण घराची. आपल्या घरात दर्शनी बाजूला तीन खोल्या आहेत: ४२१५, ३०२० आणि २६५०. भिंती दारांच्या चौकटीपाशी मोजल्या तर बाहेरच्या दोन २९० च्या, मधल्या २६५ आणि २५० च्या. बेरीज १०९८०. बाहेरून एका दमात ताणलेली टेप सांगते ११६२०. मधले ६४० गेले कुठं? इंटर्न ते चारही भिंतींत १६०-१६० वाटून टाकतो. आम्हाला विचाराल तर त्याच्या अख्ख्या मोजणीतली ही सगळ्यांत मोठी सापडलेली गोष्ट त्यानं पुरून टाकली. ६४० म्हणजे बंद करून गिलावा मारलेला जुना कोनाडा असेल, भिंतीतलं कपाट असेल, शेजाऱ्याशी लागून घातलेली दुसरी भिंत असेल, बुजवलेला जिना असेल. भिंत वाजवून पाहावी, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावं. पुढं तीच भिंत फोडायची असते.

बाहेरचं माप ‘एका दमात’ म्हटलं ते मुद्दाम. टेपचा शून्य एका कोपऱ्यावर धरून ठेवायचा आणि प्रत्येक खिडकीची, दाराची कड त्याच शून्यापासून वाचत जायची. खिडकी ते खिडकी असे तुकडे मोजले की प्रत्येक तुकड्याची दोन-तीन मिलिमीटर चूक पुढच्यात जाऊन मिळते. एकानं शून्य धरायचा, दुसऱ्यानं वाचायचं, तिसऱ्यानं लिहिता लिहिता आकडा मोठ्यानं परत म्हणायचा. एकट्या मुलाला पाठवलं तर यातलं काहीच होत नाही.

उंच्यांबद्दल थोडक्यात. जमीन सपाट असते असं धरून तिच्यापासून सिल नि लिंटेल मोजू नका. पाण्याची पारदर्शक नळी घेऊन घरभर एकाच पातळीची खूण फिरवा, नळीत हवेचा बुडबुडा नाही ना ते बघा, आणि त्या खुणेपासून वर-खाली मापं घ्या. तीच खूण बाहेर रस्त्यापर्यंत न्या. डांबराचे थर चढत चढत रस्ता जोत्याच्या वर आलेला असला, तर पावसाळ्यात आत शिरणारं पाणी आधी शीटवर दिसायला हवं.

आता शीट. स्वच्छ शीट म्हणजे रेषांची जाडी नेमकी, कापलेली भिंत ठळक, पलीकडचं बारीक, कापणीच्या वरचं तुटक. ते मुलांना येतं. नासाच्या लुई कान ट्रॉफीसाठी आपले विद्यार्थी काय ताकदीची शीट करतात हे आपण पाहिलं आहे, आणि ही परंपरा जे.जे. पर्यंत मागं जाते. क्लॉड बॅटलींचं १९३४ चं भारतीय वास्तूंवरचं पुस्तक अशा मोजलेल्या आराखड्यांवरच उभं आहे. आमची तक्रार सुबकपणाबद्दल नाही. मोजलेलं आणि अंदाजानं भरलेलं, दोन्ही एकाच रेषेत दाखवलं जातं याबद्दल आहे. कुलूपबंद खोली चौकोन काढून पूर्ण करू नका. तिथं हॅच मारून ‘आत जाता आलं नाही’ असं लिहा. मापाचा आकडा वहीतला असू द्या, कॅडनं आपोआप दिलेला नको. कोपऱ्यात तारीख, मोजणाऱ्यांची नावं, साधनं, पातळीची खूण कुठं आहे आणि सर्वांत मोठा न जुळलेला फरक किती, या नोंदी असाव्यात. तो फरक लिहायला लाज वाटते, हे आम्हाला ठाऊक आहे. पण तो लिहिलेलं शीट पुढच्या माणसाला कुठं जपून राहायचं ते सांगतं.

आणि वही. अमेरिकेत १९३३ मध्ये सुरू झालेल्या ऐतिहासिक इमारतींच्या सर्वेक्षणात पक्क्या शीटबरोबर जागेवरच्या कच्च्या नोंदीही जमा होतात आणि जपल्या जातात, म्हणजे शंका आली तर मूळ आकड्यापर्यंत जाता येतं. आपल्याकडे ती वही इंटर्नच्या बॅगेतून कॉलेजात परत जाते आणि सेमिस्टर संपलं की रद्दीत.

तेव्हा पुढच्या वेळी शीट टेबलावर आलं की वहीही मागवा. कोणतीही एक खोली निवडा आणि तिचं सहावं माप विचारा. ते नसेल तर शीट परत द्या, मुलाला मात्र रागावू नका. त्याला एकटं आणि पाच मीटरच्या टेपवर आपणच पाठवलेलं असतं. तीन माणसं, ३० मीटरची टेप, नळी, ओळंबा आणि दोन पूर्ण दिवस एवढं एका दुमजली घराला लागतं. त्याचा खर्च फीच्या प्रस्तावात वेगळ्या ओळीवर लावा. ग्राहक कुरकुर करेल. तेव्हा राहिलेल्या एका कर्णासाठी नागपूरहून रायपूरला दुसरी खेप काढायची तर गाडीभाडं आणि गेलेला दिवस मिळून किती होतात, तो हिशेब त्याच्यापुढे ठेवा.